पंचवीस टक्के उघडच आहेत, जाहीर करायचं ते बाकीचं

प्रश्न: सर, कोल्हापूरला आमची फौंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. २५ टक्के शेअर माझ्या नावावर, १२ टक्के धाकट्या भावाच्या. ३६ टक्के आमच्याच इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे (तिच्यात मी ४८, बायको ६, भाऊ ४६). १२ टक्के वडिलांच्या एचयूएफचे, ८ टक्के नातवंडांच्या ट्रस्टचे, ३ टक्के काकांचे. राहिलेले ४ टक्के जुन्या मॅनेजरच्या नावावर आहेत, पण ते खरे भावाचे. नवीन कंपनी सेक्रेटरी म्हणतात, बेन-१ भरा. सगळं घरातलंच आहे, लपलेला मालक कोण? आणि कोणी काय जाहीर करायचं?

उत्तर:

तुमचे स्वतःचे २५ टक्के आधी बाजूला ठेवा. त्यांच्यासाठी बेन-१, म्हणजे शेअरांमागचा खरा माणूस कंपनीला कळवायचा फॉर्म, लागत नाही. ऐकायला उलटं वाटेल, पण कंपनी कायदा २०१३ चं कलम ९० आणि त्याखालचे २०१८ चे नियम (८ फेब्रुवारी २०१९ ला ते बरेच बदलले) सभासदांच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावाने दिसणाऱ्या माणसासाठी लिहिलेलेच नाहीत. तो दिसतोच आहे. रजिस्टरमध्ये कंपनी, एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ट्रस्ट किंवा फर्म यांचं नाव दिसतं, तिथे मागे हाडामांसाचा माणूस कोण, हे या नियमांना हवं असतं. त्या माणसाला कायदा ‘सिग्निफिकंट बेनिफिशियल ओनर’ म्हणतो, आम्ही दिवसभर नुसतं एसबीओ म्हणतो.

कसोटी अशी. आडवाटेने, म्हणजे दुसऱ्या कुणामार्फत, किंवा आडवाटेचे आणि थेट मिळून, किमान १० टक्के शेअर, मतं किंवा वाटायच्या लाभांशातला हक्क ज्या व्यक्तीकडे आहे ती एसबीओ. टक्के भरत नसले, तरी नुसत्या थेट शेअरांच्या जोरावर नव्हे तर आणखी कशाने कंपनीवर नियंत्रण किंवा लक्षणीय प्रभाव असेल, तर तीही एसबीओ. कलमात आकडा २५ टक्के किंवा नियमांत ठरवतील तो असा आहे, आणि नियमांनी तो १० वर आणला. आडवाटेचा एकही शेअर नसेल आणि नियंत्रण फक्त थेट शेअरांतूनच येत असेल, तर ९० टक्के शेअर असलेला माणूसही एसबीओ नाही.

आता तुमची इन्व्हेस्टमेंट कंपनी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण जो तो गुणाकार करायला बसतो. ३६ चे ४८ टक्के म्हणजे १७.२८ तुमचे, ३६ चे ४६ टक्के म्हणजे १६.५६ भावाचे, दोघेही दहाच्या वर, म्हणून दोघेही एसबीओ. असे भरलेले फॉर्म मी डझनाने पाहिले आहेत. नियमांत हा गुणाकार नाही. सभासद जर कंपनी असेल, तर प्रश्न एकच: त्या कंपनीत, किंवा तिच्या सर्वांत वरच्या होल्डिंग कंपनीत, कुणा व्यक्तीकडे निम्म्याहून जास्त हिस्सा आहे का? असेल, तर त्या कंपनीच्या हातातले सगळे शेअर त्या व्यक्तीच्या आडवाटेच्या खात्यात पडतात, अशा अर्थाने आम्ही प्रॅक्टिसमधले बहुतेक जण हा नियम वाचतो. नसेल, तर त्या वाटेने कुणाच्याच खात्यात काही पडत नाही.

तुम्ही ४८ वर आहात, म्हणजे एकटे निम्म्याच्या खाली. पण नियम ‘एकट्याने किंवा मिळून’ असं म्हणतो. समान हेतूने, लेखी किंवा तोंडी समजुतीने, हक्क किंवा नियंत्रण वापरणारी माणसं ‘मिळून’ धरली जातात. वहिनींचे ६ टक्के तुमच्याबरोबरच मत देत असतील (त्या कधी सभेला आल्या आहेत का, की प्रॉक्सीवर सही करून मोकळ्या होतात?), तर तुम्ही दोघं मिळून ५४. मग इन्व्हेस्टमेंट कंपनीचे पूर्ण ३६ टक्के तुमच्या दोघांच्या आडवाटेला आले. तुमच्या बाबतीत ३६ अधिक थेट २५, म्हणजे ६१. वहिनींच्या बाबतीत ३६, जरी फौंड्रीत त्यांच्या नावावर एकही शेअर नसला तरी. बेन-१ दोघांनीही द्यायचा. तुमच्या फॉर्ममध्ये ते २५ दिसतील, पण फॉर्म लागतो तो ३६ मुळे.

भाऊ ४६ वर, त्यामुळे टक्क्यांच्या हिशेबाने तो या वाटेने एसबीओ नाही. मात्र एक गोष्ट मला तुमच्याकडून कळायला हवी: तुम्हा दोघा भावांत कौटुंबिक करार आहे का? मतं एकत्र द्यायची, दोघांच्या संमतीशिवाय संचालक नेमायचा नाही, असं काही लिहिलेलं आहे का? असेल तर तुम्ही तिघंही ‘मिळून’ झालात आणि भावालाही बेन-१ लागेल. नातं आहे म्हणून आपोआप ‘मिळून’ होत नाही. एकाच घरात राहून सभेत एकमेकांविरुद्ध मत देणारे भाऊ मी कोल्हापुरातच पाहिले आहेत. पण करार असेल तर तो कपाटात ठेवून ‘आम्ही स्वतंत्र’ असं लिहिता येत नाही.

वडिलांचं सोपं आहे. सभासद एचयूएफ असेल तर कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, हाच आडवाटेचा धारक. १२ टक्के, म्हणजे दहाच्या वर, म्हणून वडिलांनी बेन-१ द्यायचा. ते दहा वर्षांत कारखान्यात फिरकले नसतील, लाभांश सगळ्या कुटुंबाचा असेल, तरीही. उद्या कर्ता बदलला, तर नव्या कर्त्याने ३० दिवसांत नवा बेन-१ द्यायचा. एचयूएफचा कर्ता गेल्यावर बँक खात्यावरचं नाव सगळे आठवणीने बदलतात. हा फॉर्म कुणाला आठवत नाही.

काका आणि ट्रस्ट यांचा हिशेब तुम्ही केलाच नसेल, कारण दोन्ही आकडे एकेकटे दहाच्या खाली आहेत. इथे ट्रस्ट डीड वाचावी लागते. कुठल्या नातवंडाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर असेल, म्हणजे डिस्क्रेशनरी ट्रस्ट असेल, तर आडवाटेचा धारक म्हणजे विश्वस्त. प्रत्येकाचा वाटा डीडमध्येच ठरलेला असेल तर लाभार्थी. आणि ट्रस्ट करणाऱ्याला तो मोडून शेअर परत घेता येत असतील, तर ट्रस्ट करणारा. तुमच्याकडे विश्वस्त काकाच असतील (अशा घरात बहुधा तेच असतात) आणि ट्रस्ट डिस्क्रेशनरी असेल, तर काकांचे आडवाटेचे ८ आणि थेट ३ मिळून ११ झाले. काका एसबीओ. आणि ३ टक्क्यांचा सभासद म्हणून त्यांना आजवर कुणी एक फोनही केला नसेल.

यात कंपनीची बाजूही समजून घ्या. ज्या सभासदाकडे १० टक्के किंवा जास्त आहेत आणि जो व्यक्ती नाही, त्याला कंपनीने, तुमच्यामागे कोण हे विचारणारी बेन-४ ची नोटीस पाठवायलाच हवी. तुमच्याकडे ती इन्व्हेस्टमेंट कंपनी आणि एचयूएफ यांना जाईल. ८ टक्क्यांच्या ट्रस्टला ही सक्तीची नोटीस जाणार नाही. म्हणून काकांचं प्रकरण नेमकं निसटतं. पण कंपनीने एसबीओ शोधण्यासाठी आवश्यक ती पावलं उचलायची आहेत, असं नियम वेगळं म्हणतो, आणि जो एसबीओ असेल असं कंपनीला वाटतं त्याला कलम ९० खाली विचारताही येतं. ‘आम्ही दहाच्या वरच्यांना नोटीस दिली’ एवढ्यावर सुटका नाही.

नोटीस आली की ३० दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीने मुदत संपल्यापासून १५ दिवसांत एनसीएलटीकडे, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जायचं, आणि एनसीएलटी त्या शेअरांचं हस्तांतरण, मतदान, लाभांश थांबवू शकते. थांबवलेल्या शेअरांवरचे निर्बंध उठवायला वर्षभरात कुणी गेलं नाही, तर ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, आयईपीएफमध्ये, जातात.

आता मॅनेजरच्या नावावरचे ४ टक्के. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला हीच ओळ सर्वांत जास्त टोचली. हे कलम ९० चं नाही, कलम ८९ चं प्रकरण आहे. शेअर एकाच्या नावावर आणि मालकी दुसऱ्याची असेल, तर नाववाल्याने एमजीटी-४ आणि खऱ्या मालकाने एमजीटी-५ कंपनीला द्यायचा, आणि कंपनीने ३० दिवसांत एमजीटी-६ आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकांकडे, भरायचा. हे तिन्ही झाले असतील तर ते ४ टक्के भावाचे थेट शेअर धरले जातात: १२ अधिक ४, म्हणजे १६, सगळे थेट, म्हणून तो त्यामुळे एसबीओ होत नाही. झाले नसतील तर थेट मोजण्याचा हा आधारच जातो.

आणि एसबीओचं राहू द्या, त्याहून वाईट म्हणजे कलम ८९ मध्येच लिहिलं आहे की जाहीर न केलेल्या शेअरांवर खऱ्या मालकाला, किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या कुणालाही, तो हक्क बजावता येत नाही. माझ्या एका अशिलाचं असंच झालं. पब्लिक कंपनीला किमान सात सभासद लागतात, म्हणून त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी अकाउंटंटच्या नावावर शेअर लावले होते. पुढे बोनस शेअर येत गेले आणि त्या नावावर चांगलीच रक्कम जमली. अकाउंटंट अत्यंत प्रामाणिक माणूस, लाभांशाचा प्रत्येक चेक आणून मालकांच्या टेबलावर ठेवायचा. तो वारला. महिन्याभराने त्याचा मुलगा वारसा दाखला आणि मूळ शेअर सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ऑफिसात आला आणि म्हणाला, ‘बाबांचे शेअर माझ्या नावावर करून द्या.’ त्याला खरोखरच माहीत नव्हतं. वडिलांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं, आणि कंपनीच्या कागदांतही एक ओळ नव्हती. शेवटी पैसे देऊन ते शेअर विकत घ्यावे लागले, स्वतःचेच.

तुमच्या मॅनेजरची गोष्ट आज जास्त तातडीची आहे. लहान कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपन्यांचे शेअर आता डिमॅट करावे लागतात आणि त्याची मुदत ३० जून २०२५ ला संपली. डिमॅट खातं पॅनवर उघडतं. म्हणजे भावाचे शेअर मॅनेजरच्या पॅनखाली, त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर. आणि पैसे भावाने दिले पण नाव दुसऱ्याचं, हे कुणी बेनामी व्यवहार कायद्याच्या नजरेने पाहायला बसलं, तर तिथे १ ते ७ वर्षांची सक्तमजुरी आहे. एमजीटीचे फॉर्म भरले की त्या कायद्यातून आपोआप सुटका होते, असं मी म्हणणार नाही. वकिलांना आधी दाखवा.

‘सगळं घरातलंच’ याचं उत्तर यात अर्धं आलं. राहिलेलं अर्धं काकांच्या जागी बसून पाहा. समजा फौंड्री स्क्रॅप एका फर्मकडून बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेते, आणि ती फर्म इन्व्हेस्टमेंट कंपनीची आहे. काकांच्या ३ टक्क्यांचा नफा त्या स्क्रॅपच्या वजनकाट्यावरच कमी होतो. सभासद म्हणून त्यांना रजिस्टरमध्ये इन्व्हेस्टमेंट कंपनीचं नाव दिसेल, तिच्यामागे कोण हे दिसणार नाही. एसबीओचं रजिस्टर, म्हणजे बेन-३, सभासदाला पाहता येतं ते यासाठी. कर्ज देणाऱ्या बँकेचाही तोच प्रश्न असतो: जामीन देणारा, माल पुरवणारा आणि माल घेणारा एकच माणूस तर नाही ना?

सरकारचं कारण आणखी मोठं होतं. २०१६ मध्ये पनामा पेपर्स बाहेर आले, २०१७ मध्ये इथे दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढली गेली, आणि काळ्या पैशावर नजर ठेवणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था सदस्य देशांकडे कंपनीमागच्या माणसाची नोंद मागतेच. शेल कंपनी कागदावर नीट असते. संचालक असतो, पत्ता असतो, ऑडिटही असतं. फक्त पैसे कुणाचे, एवढंच कुठे लिहिलेलं नसतं.

टक्केवारी भरत नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांना मी एक प्रकरण दाखवतो. लिंक्डइनची भारतातली कंपनी. तिच्या वर परदेशी कंपन्यांची साखळी आणि टोकाला मायक्रोसॉफ्ट, जिथे निम्मा हिस्सा असलेली व्यक्ती कुणीच नाही. म्हणून कंपनीचं म्हणणं होतं की आमच्यात एसबीओ नाही. दिल्लीच्या आरओसीने मे २०२४ च्या आदेशात टक्के सोडून दुसरी कसोटी लावली: निर्णय आणि पैशांवरचं नियंत्रण कुणाकडे आहे, कोण कुणाला रिपोर्ट करतो. त्यावरून सत्या नडेला आणि लिंक्डइनचे प्रमुख रायन रोसलान्स्की यांना एसबीओ ठरवून प्रत्येकी २ लाख दंड केला, कंपनी आणि अधिकारी धरून एकूण सुमारे २७ लाख. पगारी सीईओला ‘मालक’ म्हणणं मला स्वतःला ताणल्यासारखं वाटतं. पण ‘टक्के नाहीत म्हणजे एसबीओ नाही’ असं उत्तर आता मी अशिलाला लिहून देत नाही. तुमच्याकडे सगळे आर्थिक निर्णय अजून वडीलच घेत असतील, तर १२ टक्क्यांबरोबर तेही बेन-१ मध्ये लिहा.

दंड हा असा. बेन-१ न देणाऱ्या व्यक्तीला ५० हजार, पुढे रोज एक हजार, कमाल २ लाख, म्हणजे दीडशे दिवसांत मर्यादा गाठते. बेन-१ ची माहिती आरओसीला कळवणारा बेन-२ न भरणाऱ्या कंपनीला १ लाख आणि रोज पाचशे, कमाल ५ लाख. प्रत्येक जबाबदार अधिकाऱ्याला २५ हजार आणि रोज दोनशे, कमाल १ लाख. ‘लहान कंपनी’त बसत असाल तर यापेक्षा कमी लागतो. तुमची ही रचना २०१९ च्या आधीची असेल, तर हे मीटर केव्हाच थांब्याला जाऊन टेकलेलं आहे. म्हणून आरओसीची नोटीस यायची वाट पाहू नका. स्वतः होऊन फॉर्म भरायचे आणि कसुरीचा निवाडा करून घ्यायचा. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर मात्र कलम ४४७, म्हणजे फसवणूक, तिथे तुरुंग आहे. उशीर परवडतो, खोटं परवडत नाही.

बेन-१ कागदावरचा फॉर्म आहे, तो आरओसीकडे जात नाही. व्यक्ती तो कंपनीला देते: नाव, पॅन, पत्ता, कुठल्या सभासदामार्फत, किती टक्के, कुठल्या तारखेपासून. कंपनी तो बेन-३ रजिस्टरमध्ये नोंदवते आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत पोर्टलवर बेन-२ भरते, संचालकाच्या डिजिटल सहीने आणि आमच्यासारख्या कुणाच्या सर्टिफिकेटने. तारखेच्या रकान्यात लोक आजची तारीख टाकतात. तिथे हक्क ज्या दिवशी आला ती तारीख हवी, म्हणजे वहिनींना ६ टक्के मिळाले तो दिवस. वार्षिक रिटर्नमधल्या शेअरहोल्डर यादीशी ही तारीख जुळली नाही की चूक लगेच उघडी पडते. आणि टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली म्हणून घाबरू नका. तुमचे ६१ आणि वहिनींचे ३६ यांत तेच ३६ दोनदा आहेत.

बँकेच्या केवायसीत मात्र वेगळं उत्तर येईल. तिथे मनी लाँडरिंग कायद्याचे नियम लागतात. २०२३ पासून त्यांचाही आकडा १० टक्केच आहे, पण ते थेट शेअरही धरतात. म्हणून १२ टक्केवाला भाऊ बँकेला बेनिफिशियल ओनर म्हणून सांगायचा, आणि आरओसीकडे, करार नसेल तर, नाही. दोन कागदांत दोन याद्या दिसतील आणि दोन्ही बरोबर असतील. बँकेने विचारलं तर हे एका परिच्छेदात लिहून द्या.

काय आधी करायचं ते सांगतो. मॅनेजर धडधाकट आहेत तोवर एमजीटी-४ आणि ५ वर सह्या घ्या, भावाने पैसे दिले त्याचा बँक पुरावा शोधा आणि वकिलांना दाखवून ते शेअर भावाच्या नावावर करायची तयारी करा. मग वडील, वहिनी आणि तुमचा बेन-१. काकांचा फॉर्म ट्रस्ट डीडचं विश्वस्तांच्या अधिकारांचं कलम वाचल्याशिवाय भरू नका. ते एक पान कंपनी सेक्रेटरींना स्कॅन करून पाठवा. तिथे ‘विश्वस्तांना योग्य वाटेल त्या प्रमाणात’ असे शब्द असतील, तर काका यादीत आले.